ठिपका गोल का पडला नाही?

स्पेक्ट्रोमीटरच्या प्रॅक्टिकलला एक क्षण हमखास येतो. डार्क रूममध्ये सोडियमचा पिवळा दिवा लागलेला असतो, एक डोळा टेलिस्कोपला चिकटलेला असतो आणि हाताने प्रिझमचं टेबल हळूहळू फिरवणं चालू असतं. पिवळी रेघ एका बाजूला सरकत जाते, सरकत जाते आणि मग थबकते. टेबल त्याच दिशेने फिरवत राहिलं तरी रेघ मात्र उलट फिरते आणि आल्या वाटेने परत जायला लागते. ती जिथे थबकली तिथलं रीडिंग घ्यायचं, जर्नलमध्ये ‘अँगल ऑफ मिनिमम डेव्हिएशन’समोर लिहायचं, सूत्रात टाकायचं आणि सही घेऊन मोकळं व्हायचं.

व्हायवाला प्रश्न ठरलेला असतो : मिनिमम डेव्हिएशनच का? आणि उत्तरही ठरलेलं : ‘सर, त्या पोझिशनला प्रिझमच्या आतला किरण बेसला समांतर जातो.’ उत्तर बरोबर आहे. पण समांतर गेला तर बिघडलं काय आणि नाही गेला तर अडलं काय, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका भिंतीवर पडलेला ठिपका बघावा लागतो. प्रिझममधून रंग निघतात हे तर तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. भानगड रंगांची नव्हती, ठिपक्याच्या आकाराची होती.

रेघ परत का फिरते?

आधी आपल्या टेबलवरचा प्रिझम बघू. तो ६० अंशांचा आहे आणि त्याच्या काचेचा अपवर्तनांक १.५ आहे असं धरू. किरण पहिल्या पृष्ठभागावर आत शिरताना वळतो, दुसऱ्या पृष्ठभागावर बाहेर पडताना पुन्हा त्याच बाजूला वळतो. मूळ दिशेपासून तो एकूण जितका वळला, ते विचलन. हिशेब सोपा आहे : आत शिरतानाचा कोन अधिक बाहेर पडतानाचा कोन, वजा प्रिझमचा कोन.

आता कॅल्क्युलेटर घ्या. किरण ३५ अंशांनी आत शिरला, तर तो ६६ अंशांनी बाहेर पडतो आणि विचलन येतं ४१ अंश. ४० अंशांनी शिरला तर ५८.५ अंशांनी बाहेर, विचलन ३८.५. ४५ अंशांनी शिरला तर ५२.४ अंशांनी बाहेर, विचलन ३७.४. आकडा कमी होत चाललाय. मग तो असाच कमी होत का जात नाही?

कारण प्रकाशाचा रस्ता दोन्हीकडून सारखाच असतो. ४० अंशांनी आत गेलेला किरण ५८.५ अंशांनी बाहेर पडला, तर त्याच वाटेने उलट सोडलेला किरण ५८.५ अंशांनी आत शिरून ४० अंशांनी बाहेर येणार. वाट तीच, म्हणून विचलनही तेच, ३८.५. याचा अर्थ प्रत्येक विचलनाला आपाती कोनांची एक जोडी आहे : ४० आणि ५८.५ ची एक, ४५ आणि ५२.४ ची एक. कोन वाढवत नेला की आधी जोडीतला पहिला येतो, मग दुसरा. म्हणजे विचलन आधी उतरतं आणि मग त्याच पायऱ्यांनी परत चढतं. जोडीतले दोघे जिथे एकत्र येतात, म्हणजे आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा कोन सारखाच होतो, तिथेच वळण. आपल्या प्रिझममध्ये हे ४८.६ अंशांना घडतं आणि विचलन असतं ३७.२ अंश. दोन्ही बाजू सारख्या झाल्या म्हणून आतला किरण बेसला समांतर. समांतर जाणं हा या सारखेपणाचा परिणाम आहे, कारण नाही.

सारखेपणाचा फायदा असा की सूत्र एकदम सुटसुटीत होतं. प्रिझमचा कोन A आणि किमान विचलन δ एवढे दोनच आकडे मोजले की काचेचा अपवर्तनांक हातात :

n = sin((A + δ)/2) / sin(A/2)

किरण आत नेमक्या किती अंशांनी शिरला, हे मोजायची गरजच पडत नाही.

आता त्याच आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. ४५ ते ५२.४, म्हणजे प्रिझम सात अंशांहून जास्त फिरवला, तरी विचलन ३७.२ आणि ३७.४ च्या मध्येच राहिलं. रेघ थबकते ती यामुळे. दरीच्या तळाशी जमीन सपाट असते, तसं आहे हे. प्रिझम त्या जागेपासून एक अंशाने चुकला, तर विचलनात फरक पडतो अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे कोनाच्या जेमतेम एका मिनिटाचा. अपवर्तनांकाच्या तिसऱ्या दशांशालाही त्याने धक्का लागत नाही. म्हणून प्रॅक्टिकलला ‘टेबल नक्की कुठे थांबवू’ म्हणून घाम फुटायचं कारण नाही. टेबलची जागा थोडी इकडेतिकडे चालते. क्रॉसवायर रेघेवर नीट बसवून टेलिस्कोपचं रीडिंग घेणं महत्त्वाचं.

हा सपाट तळ लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

रंग जुने, ठिपका नवा

१६६६ च्या सुरुवातीला आयझॅक न्यूटनने काचेचा एक त्रिकोणी प्रिझम मिळवला. खोली अंधारी केली, खिडकीच्या झडपेला पाव इंचाचं गोल भोक पाडलं आणि तिथे प्रिझम धरला. बावीस फुटांवरच्या समोरच्या भिंतीवर रंग उमटले. हे त्याने पुढे सहा वर्षांनी, फेब्रुवारी १६७२ मध्ये, रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांना लिहिलेल्या पत्रात सविस्तर सांगितलं. ते पत्र सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आलं.

शाळेत आपल्याला वाटतं की न्यूटनने जगाला पहिल्यांदा ‘तानापिहिनिपाजा’ दाखवलं. तसं नाहीये. देकार्तने १६३७ मध्येच इंद्रधनुष्य समजून घेताना प्रिझमचे रंग वापरले होते. प्रश्न होता, हे रंग येतात कुठून. त्या काळचा सर्वमान्य समज असा की पांढरा प्रकाश साधा आणि शुद्ध असतो. काचेतून जाताना त्याच्यावर काहीतरी संस्कार होतो आणि त्याला रंग चढतो. तपशिलात मतभेद होते, पण गाभा हाच : रंग काच देते. आणि नुसते रंग दाखवून हा समज खोडता येत नाही. तुम्ही कितीही सुंदर वर्णपंक्ती दाखवा, समोरचा म्हणणार, ‘बघा, काचेने रंगवलं की नाही!’

न्यूटनची नजर अडली ती आकारावर. भोक गोल, सूर्य गोल, मग भिंतीवरचा ठिपकाही गोल पडायला हवा. तो पडला लांबट. कडा सरळ, टोकं अर्धगोल. त्याने फूटपट्टी लावली : रुंदी २⅝ इंच, लांबी १३¼ इंच. रुंदीच्या पाचपट लांब!

हे आकडे आपणही पडताळून बघू शकतो. रुंदीतून भोकाचा पाव इंच वजा केला की उरतात २⅜ इंच. बावीस फूट म्हणजे २६४ इंच. एवढ्या अंतरावर २⅜ इंचांनी होणारा कोन येतो ३१ मिनिटं, अर्धा अंश आणि वर थोडंसं. आकाशात सूर्याची थाळी जेवढी दिसते, बरोबर तेवढाच. म्हणजे रुंदी निव्वळ सूर्याच्या आकाराची होती, प्रिझमने तिला हातही लावला नव्हता. लांबीतून पाव इंच वजा केला की १३ इंच, त्याचा कोन येतो २ अंश ४९ मिनिटं. प्रश्न या जास्तीच्या सव्वादोन अंशांचा होता.

सूर्यच मोठा आहे ना?

इथे एक वकिली मुद्दा निघतो आणि तो फालतू नाही. सूर्य हा बिंदू नाही. त्याच्या वरच्या कडेचा किरण आणि खालच्या कडेचा किरण यांच्यात ३१ मिनिटांचा फरक असतो. म्हणजे दोघे प्रिझमवर वेगवेगळ्या कोनांनी आदळतात, वेगवेगळे वळतात. मग ठिपका लांबणारच, त्याला रंगांची काय गरज?

आपल्या प्रिझमवर करून बघू आणि प्रकाश एकाच रंगाचा घेऊ. एक किरण ३५ अंशांनी आत सोडला, दुसरा ४० अंशांनी. आत जाताना दोघांत अंतर पाच अंशांचं. बाहेर पडताना एक ६६ अंशांवर, दुसरा ५८.५ वर, म्हणजे अंतर साडेसात अंश. प्रिझमने दोघांना फाकवलं. अजून खाली जा : २८ अंश आणि २८.५ अंश. आत जाताना फरक अर्ध्या अंशाचा, सूर्याएवढाच. बाहेर पडताना एक साधारण ८७.५ अंशांवर आणि दुसरा ८३ च्या जवळ. चार अंशांहून जास्त फाकले! एकच रंग, एकच काच, आणि ठिपका न्यूटनच्या ठिपक्याहूनही लांब. (याच्या जरा खाली गेलात तर किरण बाहेरच येत नाही. दुसऱ्या पृष्ठभागावर त्याचं पूर्ण आंतरिक परावर्तन होतं. प्रॅक्टिकलला कधी कधी रेघ अचानक गायब होते, ती त्यामुळेच.)

म्हणजे प्रिझम कसाही धरला असता, तर लांबट ठिपक्याने काहीच सिद्ध झालं नसतं.

न्यूटनने तो कसाही धरला नव्हता. पत्रात त्याने स्पष्ट लिहिलंय की दोन्ही बाजूंचं अपवर्तन जितकं जमेल तितकं सारखं ठेवलं होतं. आत शिरतानाचा कोन साधारण ५४ अंश ४ मिनिटं, बाहेर पडतानाचाही तोच. प्रिझमचा कोन ६३ अंश १२ मिनिटं. वर्णपंक्तीच्या मधल्या किरणाचं विचलन ४४ अंश ५६ मिनिटं. ओळखीचं वाटतंय? तुमच्या जर्नलमधलं मिनिमम डेव्हिएशन आहे ते.

आणि तिथे काय होतं? पुन्हा आपले आकडे : ४५ अंशांनी शिरलेला ५२.४ वर बाहेर, ५२.४ ने शिरलेला ४५ वर बाहेर. आत जाताना अंतर ७.४ अंश, बाहेर पडतानाही ७.४ अंश. फाकवणं नाही, आवळणं नाही. सूर्याच्या दोन कडांचे किरण ३१ मिनिटांच्या फरकाने आत गेले तर ३१ मिनिटांच्याच फरकाने बाहेर यायला हवेत. म्हणजे काच सगळ्या प्रकाशाला सारखीच वळवत असेल, तर या एका जागी ठिपका गोलच पडला पाहिजे.

न्यूटनने हा हिशेब खरोखर केला. त्याच्या कोनांवरून त्याच्या काचेचा अपवर्तनांक काढा : ५४ अंश ४ मिनिटांचा साइन भागिले ३१ अंश ३६ मिनिटांचा साइन. येतो १.५४५. न्यूटनने ३१ ला २० असं गुणोत्तर दिलंय, म्हणजे १.५५. ते वापरून त्याने सूर्याच्या दोन कडांचे किरण काढले, उत्तर आलं सुमारे ३१ मिनिटं. आणि भिंतीवर होते २ अंश ४९ मिनिटं.

तरीही तो थांबला नाही. हा हिशेब साइनच्या नियमावर उभा होता, आणि नियमच थोडा चुकीचा असला तर? मग त्याने सगळ्यात साधी गोष्ट केली. प्रिझम हातात धरून थोडा पुढेमागे फिरवला. चार-पाच अंशांहून जास्त फिरवला, तरी भिंतीवरचे रंग जागचे जवळपास हलले नाहीत. आपण मघाशी पाहिलेला सपाट तळ तो हाच. आपाती कोन चार-पाच अंशांनी बदलूनही ठिपका हलत नसेल, तर सूर्याच्या अर्ध्या अंशाने तो पाचपट लांब कसा होईल? शंका नियमाच्या भरवशावर नाही, हाताने फिरवून मिटवली.

पॅरिसहून आलेलं पत्र

ही खबरदारी किती गरजेची होती ते लगेच दिसलं. पत्र छापून आल्यावर त्याच वर्षी पॅरिसचे जेझुइट धर्मगुरू आणि गणिती इग्नास-गास्ताँ पार्दी यांनी आक्षेप पाठवला. तो नेमका हाच होता : किरण प्रिझमवर असमान कोनांनी पडतात, तिरकेपणा पुरेसा असेल तर एवढी लांबी साध्या अपवर्तनातूनही येऊ शकते. पार्दींचं गणित चुकीचं नव्हतं. आपण २८ अंशांवर जे पाहिलं, ते त्यांच्या बाजूने बोलतं. न्यूटनचं उत्तर एवढंच की माझ्या प्रयोगात दोन्ही बाजूंचं अपवर्तन सारखं होतं आणि तिथे तुमचा हिशेब लागू होत नाही. पुढच्या पत्रव्यवहारात पार्दींनी समाधान झाल्याचं मान्य केलं.

मग ठिपका लांबला कशाने? एकच पर्याय उरला. भोकातून आलेला प्रकाश एका जातीचा नव्हता. त्यात वेगवेगळे किरण होते आणि त्याच काचेत प्रत्येकाचं वळणं वेगळं होतं. तांबडा कमी वळतो, जांभळा जास्त. भिंतीवर एक लांबट ठिपका नव्हताच. एकमेकांवर थोडे थोडे सरकलेले असंख्य गोल ठिपके होते, प्रत्येक रंगाचा एक. म्हणूनच कडा सरळ आणि टोकं अर्धगोल.

यावर शेवटचा शिक्का बसला तो दुसऱ्या प्रिझमने. न्यूटनने पहिल्या प्रिझमपुढे भोक असलेली एक फळी ठेवली, सुमारे बारा फुटांवर तशीच दुसरी, आणि तिच्यामागे दुसरा प्रिझम. पहिला प्रिझम हळूहळू फिरवत तो एकेक रंग दुसऱ्या भोकातून पाठवत गेला. दोन्ही भोकं जागच्या जागी असल्यामुळे दुसऱ्या प्रिझमवर प्रत्येक रंग एकाच कोनाने पडत होता. पहिल्या प्रिझममध्ये जास्त वळलेला प्रकाश दुसऱ्यातही जास्त वळला, कमी वळलेला कमीच. कमी-जास्त वळणं हा त्या त्या किरणाचाच गुण निघाला. प्रिझमने रंग दिले नव्हते, मिसळलेले वेगळे केले होते. यालाच आपण अपस्करण म्हणतो.

प्रत्येक रंगाची आपली थबक

आता पुन्हा लॅबमध्ये या. सोडियमऐवजी मर्क्युरीचा दिवा लावला की टेलिस्कोपमध्ये जांभळ्या, निळ्या, हिरव्या, पिवळ्या अशा वेगवेगळ्या रेघा दिसतात. अपवर्तनांक रंगागणिक वेगळा, म्हणून किमान विचलनही रंगागणिक वेगळं आणि प्रिझमची त्यासाठीची जागाही वेगळी. टेबल फिरवताना सगळ्या रेघा एकाच क्षणी थबकत नाहीत. म्हणून पुस्तक सांगतं की प्रत्येक रेघेसाठी टेबल नव्याने फिरवून तिचं वळण शोधा. घाईत पिवळ्यावर सेट करून बाकीच्यांची रीडिंग तिथेच घेतली तर फार मोठी चूक होत नाही, कारण तळ सपाट आहे. पण चूक होते ती नेहमी एकाच बाजूला : विचलन खऱ्या किमानाहून जास्तच येतं, कमी कधीच नाही. त्यामुळे अशी दहा रीडिंग घेऊन सरासरी काढली तरी ती धुऊन निघत नाही.

रंग किती फाकतात हे काचेवर अवलंबून आहे. साध्या क्राउन काचेचा ६० अंशांचा प्रिझम घ्या, अपवर्तनांक १.५२ च्या आसपास. हायड्रोजनच्या लाल आणि निळसर रेघांच्या किमान विचलनांत फरक येतो सुमारे ०.७ अंश. तेवढाच प्रिझम जड फ्लिंट काचेचा, अपवर्तनांक साधारण १.७३ असलेला, घेतला तर तोच फरक जातो २.९ अंशांच्या घरात. गंमत बघा : विचलन ३९ वरून ६० च्या जवळ गेलं, म्हणजे दीडपट झालं, पण फाकणं चौपट झालं.

याच ठिकाणी न्यूटनचा हिशेब चुकला. विचलन आणि फाकणं सगळ्या पदार्थांत एकाच प्रमाणात वाढतं असं त्याने धरलं, आणि भिंगांच्या दुर्बिणीतून रंगीत कडा घालवणं अशक्य आहे या निष्कर्षाला पोचला. पुढे १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने क्राउन आणि फ्लिंटची भिंगं एकत्र जोडून अशी दुर्बीण पेटंट केली. एका काचेने फाकवलेले रंग दुसरीने गोळा केले, आणि तरीही प्रकाश वळवण्याचं काम शिल्लक राहिलं.

आकाशातला सपाट तळ

मिनिमम डेव्हिएशन बघायला स्पेक्ट्रोमीटर लागतोच असं नाही. कधीकधी आकाशात खूप उंचावर पातळ, दुधी ढगांचा पडदा पसरतो आणि चंद्राभोवती मोठं कडं दिसतं. ‘चंद्राला खळं पडलंय,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं. ते खळं म्हणजे आपली थबकलेली रेघच असते.

त्या ढगांत बर्फाचे बारीक षट्कोनी स्फटिक असतात. षट्कोनाची एक बाजू सोडून पुढची बाजू घेतली तर दोघींमधला कोन ६० अंश. म्हणजे तिथे बर्फाचे कोट्यवधी ६० अंशांचे प्रिझम तरंगत असतात. बर्फाचा अपवर्तनांक १.३१. आपल्याच सूत्रात टाका : १.३१ गुणिले ०.५ म्हणजे ०.६५५. ज्याचा साइन एवढा, तो कोन ४०.९ अंश. त्याची दुप्पट ८१.८, त्यातून ६० गेले. उरलं किमान विचलन २१.८ अंश. खळ्याची त्रिज्या मोजा, ती २२ अंशांच्या आसपास भरते. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढाच कोन होतो. अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळी खळ्यावर जाईल.

पण स्फटिक तर हवेत कसेही वाकडेतिकडे पडलेले असतात. त्यांना कुणी मिनिममला सेट केलेलं नाही. मग प्रकाश नेमका २२ अंशांवरच का गोळा व्हावा? पुन्हा तोच सपाट तळ. बर्फात आपाती कोन ३५ ते ४७, म्हणजे तब्बल बारा अंशांनी बदलला तरी विचलन २१.८ ते २२.२ च्या पट्टीतच राहतं. एवढ्या वेगवेगळ्या तऱ्हेने कललेले स्फटिक आपला प्रकाश एकाच जागी टाकतात, म्हणून तिथे उजळ कडं. २१.८ पेक्षा कमी विचलन तर शक्यच नाही, म्हणून कड्याच्या आतलं आकाश काळपट दिसतं. बाहेरच्या बाजूला मात्र उजेड हळूहळू विरत जातो, कारण जास्त विचलनाला बंदी नाही.

रंगांची हजेरीही तिथे लागते. तांबड्याचं किमान विचलन साधारण २१.६ अंश, जांभळ्याचं २२.४. त्यामुळे आतली कड तांबूस. इतर रंग ठळक का दिसत नाहीत? तांबड्याच्या आत दुसरा कुठलाच रंग पोचू शकत नाही, म्हणून तो स्वच्छ उरतो. बाकी प्रत्येक रंगाच्या जागेवर आधीच्या रंगांचा विरत जाणारा प्रकाश येऊन पडतो. शिवाय सूर्य-चंद्र स्वतः अर्ध्या अंशाचे. सगळं मिसळून पांढुरकं होतं. न्यूटनच्या भिंतीवर एकमेकांवर सरकलेले गोल ठिपके होते, तोच प्रकार.

खळ्यावरून पावसाचा अंदाज बांधायची जुनी सवय आहे, आणि त्यात खळं लहान की मोठं याची चर्चा होते. बर्फाचं हे खळं लहानमोठं होत नाही. प्रिझमचा कोन आणि बर्फाचा अपवर्तनांक ठरलेला, मग त्रिज्याही ठरलेली. चंद्राला अगदी लगटून, काही अंशांचंच रंगीत वलय दिसलं आणि त्याची बाहेरची कड तांबूस असली, तर ते खळं नव्हे. ढगांतल्या पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होणारं ते वलय, आणि त्यात प्रिझमचा काहीही संबंध नाही. फरक ओळखायची खूण एकच : तांबडा आत की बाहेर.

सूर्यालाही असंच खळं पडतं, फक्त तेव्हा सूर्याकडे थेट बघू नका. इमारतीच्या कोपऱ्याने किंवा एखाद्या खांबाने सूर्य पूर्ण झाका आणि आजूबाजूचं आकाश बघा. आतली कड तांबूस आणि तिच्या आत काळपट आकाश दिसलं, की समजा बर्फाच्या कोट्यवधी प्रिझमनी एकाच वेळी रीडिंग दिलंय.